मे महिना, नागपूर आणि रवाळ क्रीम

मे महिन्यात नागपुरात क्रीम घट्ट होईना की लोक बीटर आणखी जोरात फिरवतात. माझ्या मते घोळ तिथेच आहे राव! कोमट क्रीममधलं फॅट हवा धरत नाही, त्याच्या गुठळ्या होऊन लोणी बनायला लागतं. रवाळपणा म्हणजे तेच.

म्हणून 35 टक्के फॅटचं क्रीम, भांडं, बीटर सगळं फ्रीजमध्ये गार करा. 250 मिली क्रीममध्ये मोठा चमचाभर मिल्क पावडर आधीच विरघळवा, ती पाणी धरून ठेवते. भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून फेटा आणि शेंडा किंचित वाकत असतानाच थांबा, कारण पायपिंग बॅगेत दाबताना क्रीम अजून घट्ट होतं. रवा दिसलाच तर दोन चमचे गार क्रीम हाताने मिसळा. पाणी सुटलं असेल, तर मात्र लोणीच काढा :)

आणि केक कूलरच्या हॉलमध्ये तासभर राहणार असेल, तर हे क्रीम नकोच.