खंड पडला की सोयाबीन माना टाकते, तूर मात्र टिकते; असं का?

२०२३ चा ऑगस्ट आपल्याकडं कुणी विसरलं नसंल. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला तो सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला. पावसानं दडी मारली ती नेमकी सोयाबीन फुलोऱ्यात अन् शेंगा धरण्यात असताना. एकाच वावरात सोयाबीन पिवळी पडत होती अन् शेजारच्या तासातली तूर हिरवी होती.

माती सुकायला लागली की झाड अ‍ॅब्सिसिक आम्ल नावाचं एक संप्रेरक तयार करते. ते पानात वाढलं की पानावरच्या बारीक तोंडांच्या कडेच्या पेशींतलं पालाश अन् पाणी बाहेर निघते, पेशी ढिल्या पडतात अन् तोंडं मिटतात. पाणी वाचते, पण हवेतला कार्बन वायू आत येत नाही. म्हणजे अन्न बनणं थांबते अन् पान तापते. चार-सहा दिवस हा सौदा परवडते. त्यापुढं झाड फुलं अन् कोवळ्या शेंगा पोसू शकत नाही, ती गळतात. सोयाबीनचं नुकसान झाड वाळायच्या आधी असं होते.

तुरीकडं आणखी दोन उपाय असतात. ती पेशींत साखर, पालाश असे विरघळणारे पदार्थ साठवते, त्यामुळं कमी ओलीतूनही पाणी ओढता येते अन् पान ताठ राहते. दुसरं म्हणजे सुरुवातीला ती वर हळू वाढते, पण मूळ खाली धाडते. खोल काळ्या जमिनीत ते मीटर-दीड मीटर जाते. खाली मुरूम किंवा ट्रॅक्टरनं दाबलेला कडक थर लागला, तर तुरीचंही काही चालत नाही.

खारपाणपट्ट्यात गोष्ट आणखी अवघड. पूर्णेच्या खोऱ्यात मातीत ओल दिसते, पण क्षार ते पाणी धरून ठेवतात. मुळाला ते ओढायला जास्त जोर लागते, म्हणून ओल असूनही पीक तहानलेलं राहते.

सरकारी हिशोबात खंड साधारण २१ दिवसांचा धरतात. पण हलक्या जमिनीवरची सोयाबीन फुलोऱ्यात असली, तर दहा-बारा दिवसांतच फुलं गेलेली असतात. पंचनाम्याला माणूस येतो तेव्हा झाड हिरवंच दिसते, अन् शेंगा मोजल्याशिवाय नुकसान कळत नाही.

पीक कुठवर आलं ते पहाटे पाहा. दुपारी पान लोंबलं अन् पहाटे ताठ झालं, तर मुळाला अजून पाणी मिळते. पहाटेही लोंबलेलंच असलं, तर ओल संपली. अशा वेळी युरिया टाकून उपयोग नाही. पाण्याविना मूळ तो घेऊच शकत नाही. भेगा पडायच्या आधी हलकी डवरणी करा, कारण भेगा मुळं तोडतात अन् खालची ओल उडवतात. १३:०:४५ ची १ टक्का फवारणी, म्हणजे १० लिटरला १०० ग्रॅम, पहाटे पान ताठ होते तोवरच कामाची. पान करपल्यावर तो खर्च वाया जाते.