‘१२१ अंश, १५ मिनिटे’ : पण मिनिटं कुठून मोजायची?



कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या किंवा पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत ऑटोक्लेव्हशेजारी भिंतीवर एक इंग्रजी तक्ता चिकटवलेला असतो. ‘याचं जरा मराठी करून द्या’ हे काम फिरत फिरत आपल्यापैकीच कुणाकडे येतं. यंत्र रोज चालवणारे प्रयोगशाळा परिचर आणि डीएमएलटीची मुलं तो तक्ता वाचणार असतात, म्हणून हे काम वाटतं तितकं किरकोळ नाही. माझं मत असं की हे भाषांतर कोश उघडून करू नये. आधी यंत्रापाशी उभं राहून एक पूर्ण फेरी पाहावी आणि मगच लिहायला बसावं.

मथळ्यापासूनच घोटाळा होऊ शकतो. ‘स्टरिलायझेशन’ला कोशात ‘निर्बीजीकरण’ही सापडतं, पण आपल्याकडे ते कुत्र्यांचं होतं, काचेच्या नळ्यांचं नाही. ‘निर्जंतुकीकरण’ हाच योग्य शब्द आहे. मात्र कोविडच्या काळात रस्त्यावर औषध फवारलं तरी आपण त्याला निर्जंतुकीकरणच म्हणत होतो. म्हणून तक्त्यावर एक वाक्य जोडावं : ‘इथे निर्जंतुक म्हणजे एकही जिवाणू, एकही बीजाणू जिवंत न राहणे.’ बीजाणू म्हणजे काही जिवाणूंचं कडक कवचातलं झोपी गेलेलं रूप. साध्या उकळत्या पाण्यात ते टिकून राहू शकतं. त्याच्यासाठीच दाबाखालची वाफ लागते.

आता मुख्य ओळ. मूळ तक्त्यात असतं : १२१ अंश सेल्सिअस, १५ पौंड दाब, १५ मिनिटं. याचं मराठी बहुतेक जण ‘१२१ अंशावर १५ मिनिटे ठेवा’ असं करतात. व्याकरण चोख आहे, पण घड्याळ कधी सुरू करायचं ते यातून कळत नाही.

समजा सकाळी १० वाजता झाकण लावून बटण दाबलं. पाणी उकळून वाफेची धार यायला १० वाजून १० मिनिटं झाली. आतली हवा निघून जावी म्हणून पाच मिनिटं धार तशीच वाहू दिली आणि सव्वादहाला झडप बंद केली. काटा १२१ वर पोचला १० वाजून २५ मिनिटांनी. खरी १५ मिनिटं आता सुरू होतात आणि १० वाजून ४० ला संपतात. त्यानंतर दाब उतरायला आणखी वेळ जातो. ज्यानं १० वाजल्यापासून १५ मिनिटं मोजली, त्याचं सामान तेव्हा जेमतेम शंभर अंशांपाशी असतं.

म्हणून ‘होल्ड टाइम’ला मी ‘धारणकाल’ म्हणणार नाही. तो शब्द परीक्षेत चालेल, परिचराच्या तोंडात बसणार नाही. ‘टिकवण्याची वेळ : काटा १२१ वर आल्यापासून १५ मिनिटे’ असं सरळ लिहावं. झाकण लावल्यापासून काढेपर्यंतच्या सगळ्या वेळेला ‘पूर्ण फेरी’ म्हणावं. दोन वेगळ्या वेळांना दोन वेगळे शब्द मिळाले की अर्धी चूक तिथेच थांबते. उरलेली अर्धी मोठ्या फ्लास्कमध्ये असते. यंत्रातली वाफ १२१ वर पोचली तरी एक लिटर माध्यमाचा मधला भाग बराच मागे असतो. म्हणून चाचणीनळ्यांची वेळ आणि लिटरच्या फ्लास्कची वेळ वेगळ्या ओळींत हव्यात.

हवा काढण्याची पायरी भाषांतरात हमखास गळते, कारण इंग्रजी तक्त्यातही तिला एखादाच शब्द दिलेला असतो. कुकरला शिट्टी लावण्याआधी वाफ नीट येऊ देतात, तेच इथे करायचं असतं. आत हवा राहिली तर दाबाचा काटा १५ पौंड दाखवतो, पण तापमान तेवढं चढत नाही. अर्धीच हवा निघाली असेल तर १५ पौंडांवर साधारण ११२ अंशच मिळतात. तेव्हा ‘दाब १५ झाला की वेळ मोजा’ असं कधीही लिहू नये. वेळ तापमानावरून मोजायची.

काही यंत्रांच्या पडद्यावर `HEAT`, `STER`, `EXH` अशी अक्षरं येतात. ती तशीच ठेवावीत, कारण परिचराला पडद्यावर तीच दिसणार, आणि शेजारी मराठीत काम लिहावं. `EXH` समोर ‘निष्कासन’ लिहून काही साधत नाही. रिकाम्या काचसामानासाठी ‘दाब सोडा’ आणि द्रवासाठी ‘दाब आपोआप उतरू द्या’ असं हवं. द्रवाचा दाब झटकन सोडला तर तो आतच उसळून उकळतो, कापसाचे बोळे उडतात आणि हात भाजू शकतो.

यानंतर तपासणीचे शब्द येतात आणि माझा सगळ्यात जास्त आग्रह इथे आहे. वहीत एक रकाना असतो : ‘रंग बदलला का?’ गठ्ठ्यावर लावलेल्या चिकटपट्टीवरच्या रेघा काळ्या झाल्या की आपण खूश होतो. पण त्या रेघांचा अर्थ ‘निर्जंतुक झालं’ असा नाही, ‘हा गठ्ठा तापून आलाय’ एवढाच आहे. दुसरी तपासणी बीजाणूंच्या कुपीची. तिच्यात जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या जिवाणूचे उष्णतेला चिवट बीजाणू असतात. फेरी झाल्यावर कुपी ५५ ते ६० अंशांवर एक-दोन दिवस ठेवतात. नेहमीच्या प्रकारची कुपी जांभळी असते. ती जांभळीच राहिली तर बीजाणू मेले, पिवळी झाली तर ते जिवंत आहेत. म्हणजे पट्टीचा रंग बदलायला हवा आणि कुपीचा बदलता कामा नये. दोघींना ‘रंग बदलला : होय’ हा एकच रकाना दिला तर नापास फेरी पास म्हणून नोंदली जाईल. त्यातून ‘पॉझिटिव्ह’चं ‘सकारात्मक’ केलंत तर झालंच! तिथे ‘बीजाणू वाढले – फेरी नापास’ असंच लिहावं. आणि ऑटोक्लेव्हमध्ये न घातलेली एक कुपी सोबत ठेवायची असते, ती मात्र पिवळी झालीच पाहिजे. नाही झाली तर कुपीतले बीजाणू आधीच मेलेले होते आणि त्या दिवसाची तपासणी निकामी. ही ओळ मी कुठल्याही तक्त्यातून काढू देणार नाही.

शेवटचा शब्द ‘व्हॅलिडेशन’. याला ‘प्रमाणीकरण’ म्हटलं की लोकांना शिक्का मारलेलं प्रमाणपत्र आठवतं आणि यंत्र एकदा पास झालं म्हणजे कायमचं पास, असं वाटतं. तापमापी बरोबर दाखवते का हे पाहणं म्हणजे कॅलिब्रेशन, ते वेगळं काम. व्हॅलिडेशन म्हणजे या यंत्रात, एवढं सामान, अशा मांडणीत, एवढ्या वेळात खरोखर निर्जंतुक होतं हे पुराव्यानिशी दाखवणं. साधारणपणे लागोपाठ तीन फेऱ्यांत बीजाणूंच्या कुप्या सगळ्यात अवघड जागी, गठ्ठ्याच्या मध्यभागी ठेवून हे दाखवतात. माझ्या मते शब्द व्हॅलिडेशनच ठेवावा आणि त्याखाली मराठीत लिहावं : ‘सामान किंवा मांडणी बदलली की जुना पुरावा चालत नाही.’

तक्ता तयार झाला की तो लावण्याआधी परिचराच्या हातात द्या आणि एकच विचारा : ‘मावशी, काटा १२१ वर सव्वाअकराला आला, तर बंद कधी करणार?’ उत्तर ‘साडेअकरा’ आलं तर तक्ता भिंतीवर लावा. दुसरं काही आलं तर ती ओळ पुन्हा लिहा.