दुपारपाळीलाच ॲप का बसतं?

“सर, ॲप चालत नाही. कृपया लवकर बघावे.” शाळेतल्या संगणकाचं बघणाऱ्या माणसाला शिक्षकांचा मेल येतो तो बहुतेकदा एवढाच. संध्याकाळी तो आपल्या मोबाइलवर ॲप उघडून बघतो आणि कळवतो, “मॅडम, चेक केलं. माझ्याकडे चालतंय.” दोघंही खरंच बोलत असतात. पण मेल एवढ्यावरच थांबला तर पुढच्या आठवड्यातही हाच संवाद होणार.

सावनेरसारख्या तालुक्याच्या गावात दोन पाळ्यांत भरणारी एखादी शाळा धरू. सकाळी अकरावी-बारावी, दुपारी पाचवी ते दहावी. सातवी ‘ब’च्या तासाला मॅडम 30 टॅब्लेट वाटतात. त्यांतले 12 चालू होतात, उरलेल्या 18 वर नुसतं चक्र फिरत राहतं. तोवर वर्गात बाजार भरतो. ते 18 टॅब्लेटच खराब असावेत, असं कुणालाही वाटेल, कारण चालणारे बहुतेक रोज तेच असतात.

दोष टॅब्लेटमध्ये नाही, ॲपमध्येही नाही. वाय-फायला जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्राला राउटर एक क्रमांक देतो, आयपी पत्ता. अनेक साध्या राउटरमध्ये वाटायला 192.168.1.100 ते 192.168.1.199 असे 100 च पत्ते ठेवलेले असतात आणि एकदा दिलेला पत्ता, मुदत 24 तासांची असेल तर, यंत्र घरी गेलं तरी त्याच्याच नावावर राहतो. आता हिशेब बघा. वाय-फायचा पासवर्ड सकाळच्या मुलांना कधीच कळलेला आहे (शाळेत पासवर्ड गुप्त राहिल्याचं ऐकिवात नाही). त्यांचे 80 मोबाइल, शिवाय ऑफिसची आणि शिक्षकांची 8 यंत्रं. दुपारी शिल्लक 12. तपासायला आलेल्या सरांचा मोबाइल त्या 8 मध्ये आधीपासूनच आहे. त्यांच्याकडे चालणारच!

हे मॅडमना ठाऊक असायची गरज नाही. त्यांनी कारण शोधायचं नाही, दिसलं तेवढं लिहायचं. उदाहरणार्थ असा मेल:

“सर, मंगळवारी 12.50 च्या तासाला सातवी ‘ब’मध्ये 30 पैकी 12 टॅब्लेटवर ॲप उघडलं. उरलेल्यांवर ब्राउझरही चालत नव्हता. वाय-फायच्या नावाखाली Obtaining IP address असं येऊन थांबत होतं, फोटो जोडला आहे. त्यातलाच एक टॅब्लेट माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडला, तर ॲप लगेच उघडलं. गुरुवारी बारावीची सराव परीक्षा होती, मुलांचे मोबाइल घरीच होते. त्या दुपारी सगळे 30 चालले.”

यातलं हॉटस्पॉटचं वाक्य टॅब्लेट, ॲप आणि ॲपवाल्यांचा सर्व्हर या तिघांनाही सोडवतं. परीक्षेचं वाक्य तर थेट सकाळपाळीकडे बोट दाखवतं. सरांनी राउटरमधली दिलेल्या पत्त्यांची यादी उघडली की 100 च्या 100 पत्ते गेलेले दिसतील. मग मुदत 24 तासांवरून एक-दोन तासांवर आणायची, पत्त्यांची संख्या वाढवायची. प्रिंटरला कायमचा दिलेला पत्ता तेवढा नव्या पट्ट्यात येऊ द्यायचा नाही. काम दहा मिनिटांचं.

उलट प्रकारही घडतो. 14 डिसेंबर 2020 च्या संध्याकाळी गुगलची सेवा जगभर पाऊणएक तास बंद पडली. मीट, क्लासरूम, जीमेल, काहीच उघडेना. वापरणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या यंत्रणेला साठवणुकीची जागा अपुरी पडली होती. यूट्यूब मात्र लॉगिन न करता पाहता येत होतं. म्हणजे त्या वेळी “लॉगिन केल्यावर बंद, न करता चालू” एवढं वाक्य कुणी लिहिलं असतं, तरी शाळेचा राउटर उगाच चार वेळा बंद-चालू करायची वेळ आली नसती. हॉटस्पॉटवरही ॲप उघडलं नाही, तर शाळेच्या राउटरमध्ये शोधण्यात अर्थ नाही.

मेल चालू तासात पाठवायचा नसतो. तेव्हा फोन करावा आणि पुस्तक उघडावं. फोटो, वेळ आणि किती यंत्रं अडली हे मात्र तिथल्या तिथे टिपून घ्यावं, कारण सुट्टीच्या घंटेनंतर “बरीच अडली होती” एवढंच आठवतं. फोटोत मुलांची नावं किंवा पासवर्ड येणार नाहीत, हेही बघावं.

आणि दुरुस्तीनंतर 30 ही टॅब्लेट जोडले गेले, पण व्हिडिओ अडखळतच राहिला, तर तो दुसरा आजार. एका वाय-फाय पेटीवर एकाच वेळी किती यंत्रांचा भार पडतो, हे तेव्हा बघावं लागेल. त्यासाठी वेगळा मेल: किती टॅब्लेट लावल्यावर व्हिडिओ अडायला लागतो, दहा, वीस की पंचवीस.