तेरजेतील नऊ हजारांचा फरक

वर्षअखेरीच्या तेरजेच्या दोन बाजू जुळत नाहीत, तेव्हा दुकानातील मुनीम आणि मालक दोघांचीही झोप उडते. लातूरच्या एका डाळ व्यापाऱ्याचे उदाहरण घेऊ. ३१ मार्चच्या तेरजेत नावे बाजूची बेरीज जमेपेक्षा ९,००० रुपयांनी अधिक आली. दोन दिवस शोधूनही चूक सापडली नाही. विवरण तर वेळेत द्यायचे होते. म्हणून मुनिमांनी उचंत खाते उघडून त्यात ९,००० जमा केले आणि ताळेबंदात ती रक्कम देणी बाजूला दाखवली. फरक दूर झाला नाही, फक्त त्याला तात्पुरते एक नाव मिळाले.

मे महिन्यात नांदेडच्या एका किराणा व्यापाऱ्यांकडे बाकीचा उतारा गेला. त्यांचा फोन आला, ‘‘शेठजी, तूरडाळीचे पैसे तर आम्ही पूर्ण भरले आहेत. मग हे नऊ हजार कशाचे?’’

रोजकीर्द उघडली. फेब्रुवारीत त्यांच्याकडून बँकेत ५४,६०० रुपये आले होते व बँक खात्यावर तेवढेच नावे पडले होते. परंतु त्यांच्या खात्यावर खतावणी करताना जमा पडले ४५,६००. पाच आणि चार यांची अदलाबदल! अशा अदलाबदलीचा फरक नेहमी नऊने भागला जातो, हे जुने मुनीम जाणतात. मात्र हा केवळ इशारा होय. ९,००० च्या एखाद्या नोंदीची जमा बाजू खतवायचीच राहिली असू शकते, किंवा ४,५०० ची रक्कम उलट बाजूस पडलेली असू शकते. त्याही शक्यता तपासाव्या लागतात.

दुरुस्ती करताना जुना आकडा खोडू नये. चूक सापडली त्या तारखेस नवी नोंद करावी: उचंत खाते नावे ९,०००, नांदेडच्या व्यापाऱ्यांचे खाते जमा ९,०००. खाली कारण व खतावणीचे पान लिहावे. उचंत खाते शून्यावर येते. नफ्यावर परिणाम होत नाही, कारण चूक व्यक्तीच्या खात्यात होती. खर्च वा विक्रीच्या खात्यात असती तर नफाही बदलला असता.

तेच ५४,६०० चुकून नांदेडच्याच दुसऱ्या व्यापाऱ्याच्या खात्यावर जमा पडले असते तर? तेरीज बिनतक्रार जुळली असती आणि उचंत खात्याची गरजच पडली नसती. तेथे चुकीच्या खात्यावर नावे आणि योग्य खात्यावर जमा, एवढीच नोंद. माझ्या मते हीच चूक अधिक घातक. ती ग्राहकाच्या फोनशिवाय क्वचितच उघडी पडते.

संगणकावर दोन्ही बाजू समान असल्याशिवाय व्हाउचर घेतले जात नाही, तरी जुन्या वहीतील बाक्या टॅलीत चढवताना चूक झाली की ‘Difference in Opening Balances’ ही ओळ दिसते. तीही एका अर्थी उचंतच.

नांदेडला दुरुस्त उतारा त्याच संध्याकाळी गेला.