देवस्थाने कमी, मुक्काम जास्त

दिवाळीनंतर ज्येष्ठांच्या यात्रांची पत्रके निघू लागतात. आमच्याकडे आलेल्या बहुतेक पत्रकांत परळी, अंबाजोगाई, औंढा नागनाथ आणि तुळजापूर एवढे सगळे दोन दिवसांत बसवलेले असते. असे का होते, हे आपल्या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. भाड्याच्या गाडीला बऱ्याच ठिकाणी दिवसाला किमान 300 किलोमीटरचा दर द्यावा लागतो. परळी ते अंबाजोगाई अंतर जेमतेम 25 किलोमीटर. पैसे मोजलेले किलोमीटर वाया कशाला घालवायचे, म्हणून आणखी एक देवस्थान जोडले जाते.

पण सत्तरीपुढच्या माणसाला किलोमीटर फारसे दमवत नाहीत. त्याला दमवते ते रांगेतले उभे राहणे आणि पायऱ्या. परळीचे वैजनाथ मंदिर उंचवट्यावर आहे. अहिल्याबाई होळकरांनी त्याचा जीर्णोद्धार केला. इथे लिंगाला हात लावून दर्शन घेता येते, त्यामुळे आजी-आजोबांचा जीव याच दर्शनात गुंतलेला असतो आणि रांगही त्याच कारणाने हळू सरकते. श्रावण, महाशिवरात्र आणि कुठलाही सोमवार सोडून मंगळवार किंवा बुधवारची सकाळ धरली, तर अर्धे काम तिथेच होते.

आमच्या मते बीड जिल्ह्याची ज्येष्ठांची यात्रा अंबाजोगाईत सलग दोन रात्री मुक्काम ठेवून करावी. पुण्याहून निघालात तर पहिली रात्र बीडला काढा. एका दिवसात अंबाजोगाई गाठण्याचा हट्ट नको. संध्याकाळी जमले तर कुंडातल्या कंकालेश्वराचे दर्शन घ्या, नाहीतर नुसते जेवून झोपा. दुसऱ्या दिवशी मांजरसुंबा, नेकनूर, केजमार्गे जेवणाच्या वेळेपर्यंत अंबाजोगाई, मग विश्रांती, आणि ऊन उतरल्यावर योगेश्वरी. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला परळीसाठी निघायचे आणि ऊन तापायच्या आत खोलीवर परत यायचे. दुपार पूर्ण मोकळी ठेवायची. कपिलधार दुसऱ्या दिवशीच्या वाटेजवळच आहे, म्हणून कोणीतरी आग्रह धरेलच. तिथे आणि मुकुंदराजांच्या समाधीकडे उतरून जावे लागते, आणि दुखरा गुडघा चढण्यापेक्षा उतरताना जास्त बोलतो. ज्यांना झेपते त्यांनीच जावे. बाकीच्यांनी खोलीवर चहा घ्यावा. उतरताना दुखरा पाय आधी खाली टाकायचा आणि चढताना चांगला पाय आधी वर, एवढे तरी आपल्या मदतनिसाला माहीत हवे.

अंबाजोगाई निवडण्याचे एक मोठे कारण म्हणजे तिथले स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय. रात्री छातीत दुखले तर गाडी कुठे न्यायची, हे मुक्काम ठरवतानाच ठरलेले असावे. चालक रात्री त्याच ठिकाणी झोपेल, हेही आधी बोलून घ्या.

खरी गडबड होते ती मधुमेही यात्रेकरूंची, आणि ती उपवासाने होते. सकाळी सवयीने इन्सुलिन टोचायचे, ‘दर्शनाआधी काही खाणार नाही’ म्हणायचे आणि तासभर रांगेत उभे राहायचे. साखर झपाट्याने उतरते. दरदरून घाम, हातांना कंप, असंबद्ध बोलणे ही त्याची लक्षणे. बरोबरचे लोक मात्र ‘गर्दीने घाबरल्या’ म्हणून वारा घालत बसतात. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे आणि मग काहीतरी खायला द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय. त्या सकाळचा डोस आणि न्याहारी कशी ठेवायची, हे निघण्याआधीच त्यांच्या डॉक्टरांना विचारायला लावा.

दुसरी गोष्ट तळपायांची. जुन्या मधुमेहात पायाची संवेदना कमी होते. मंदिराच्या आवारातली फरशी मार्चपासूनच तापते. इतरांना चटका बसतो, यांना कळतही नाही. रात्री मोजे काढताना फोड दिसतो आणि महिनाभर जखम भरत नाही. जाड सुती मोज्यांनी थोडे वाचवता येते, पण खरा उपाय सकाळचे दर्शन हाच. संध्याकाळी प्रत्येक मधुमेह्याचे तळवे बघून घ्यायचे काम एका माणसावर सोपवा.

अशा आखणीत एका रात्रीची खोली वाढते आणि गाडीचे काही किलोमीटर वाया जातात. तो खर्च दरात उघडपणे धरा आणि मुलांना कारण सांगा. पैसे बहुधा मुलेच भरतात, आणि देवस्थाने किती दाखवली यापेक्षा आई धडधाकट परत आली का, हेच ती विचारतात.

वाचक आयोजकांकडे एक मागणे आहे. आपल्या मार्गावरच्या प्रत्येक देवस्थानाच्या पायऱ्या, कठडा, गाडी कुठवर जाते, बसायची जागा आणि कमोडचे स्वच्छतागृह यांची स्वतः मोजून केलेली नोंद आमच्याकडे पाठवा. बीड जिल्ह्यापासून सुरुवात करून आम्ही ती क्रमाने छापू.