कॅलिफोर्नियाच्या दिवसावर जगणाऱ्या मुलीसाठी

मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,



मी निवृत्त परिचारिका आहे, त्यामुळे रात्रपाळी मला नवी नाही. पण वॉर्डातली रात्र ही सगळ्यांचीच रात्र असते. दिवे मंद केलेले असतात, बहुतेक पेशंट झोपलेले असतात आणि नाइट संपली की ड्यूटी चार्टवर पुन्हा मॉर्निंग लागते. माझी भाची हडपसरला माझ्याकडे राहते आणि खराडीच्या एका कॉल सेंटरमध्ये काम करते. तिची रात्र निराळी आहे. रात्री साडेनऊला ती लॉगिन करते तेव्हा कॅलिफोर्नियात सकाळचे नऊ वाजलेले असतात. घरचं इंटरनेट बंद पडलेला माणूस चहा-कॉफी घेऊन, ताजातवाना होऊन तिला फोन करतो आणि ती त्याला ‘गुड मॉर्निंग’ म्हणते. आमच्याकडे तेव्हा जेवणाची भांडी घासून झालेली असतात.

तिची गोष्ट मी तुम्हाला सांगते आहे, कारण तिच्यापुढचा प्रश्न कायद्याने सुटण्यासारखा आहे.

आठ वाजता कॅब येते, साडेसहाला लॉगआउट होतं आणि वाटेतल्या मुलींना सोडत सोडत ती पावणेआठला घरी पोचते. नऊ तासांच्या पाळीसाठी जवळजवळ बारा तास जातात. हे झालं उन्हाळ्याचं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळं एक तास मागे घेतात आणि सोमवारपासून तिची पाळी साडेदहा ते साडेसात होते. मार्चच्या दुसऱ्या रविवारनंतर ती पुन्हा मागे येते. आपल्याकडे ना सूर्य हलला, ना घड्याळ, पण तिचं जेवण, झोप, आंघोळ सगळं तासाभराने सरकतं. हिवाळ्यात ती पावणेनऊच्या लख्ख उन्हात दारात उभी असते.

झोप दोन गोष्टींवर चालते. एक म्हणजे जागरणाचा साठत गेलेला थकवा आणि दुसरं म्हणजे शरीरातलं घड्याळ, जे मुख्यतः डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडावर लागतं. रात्रभर जागलेल्या माणसाला सकाळी दहाला झोप लागते, ती थकव्यामुळे. चार-पाच तासांत तो थकवा बराच उतरतो आणि मग आतलं घड्याळ म्हणतं, दुपार झाली, ऊठ. म्हणून भाची अडीचला टक्क जागी होते. कुकरची शिट्टी आणि दाराची बेल यांना मी दोष द्यायचे, पण घर शांत असलं तरी ती उठतेच. मी तिच्या खोलीला जाड काळे पडदे लावले, घरी येताना कॅबमध्ये गडद गॉगल घालायला लावला. थोडा फरक पडला. पण शनिवार-रविवार सुट्टी लागली की ती आमच्यासारखी रात्री झोपते, सकाळी आमच्याबरोबर चहा घेते, मैत्रिणींना भेटते. घड्याळ जेवढं उलटं फिरलं असेल तेवढं पुन्हा जागेवर येतं आणि सोमवारी तिची पहिल्यापासून सुरुवात. माणसांत राहायचं असेल तर यातून सुटका नाही.

शरीराचं तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सगळ्यात खाली असतं. वॉर्डात त्या वेळी आम्ही औषधाची बाटली दोनदा वाचायचो, शक्य असेल तर दुसरीकडून वाचून घ्यायचो, कारण चुका होण्याची तीच वेळ. भाचीच्या ग्राहकाकडे मात्र तेव्हा दुपार असते, त्याला संध्याकाळच्या आत काम हवं असतं आणि एका कॉलमागे दुसरा कॉल येत असतो. मागच्या हिवाळ्यात अशाच एका कॉलवर तिने घरक्रमांकाचे दोन आकडे उलटे टाकले. तंत्रज्ञ भलत्याच दारात गेला, ग्राहकाने तक्रार केली. क्वालिटीवाल्यांनी रेकॉर्डिंग ऐकलं, ‘फेटल एरर’ म्हणून त्या कॉलला शून्य गुण दिले आणि तिचा त्या महिन्याचा इन्सेंटिव्ह गेला. त्याच रेकॉर्डिंगवर आणखी एक शेरा होता: आवाजात उत्साह नाही. चूक तिची होती, ती तिने मान्यही केली. पण ती किती वाजता झाली, हे त्या अहवालात नोंदवायला रकानाच नव्हता.

वर्षभरात तिची पित्ताची तक्रार वाढली. रात्री अडीचला डब्यातली पोळी-भाजी खाऊन पुन्हा खुर्चीत बसलं की दुसरं काय होणार! मासिक पाळी अनियमित झाली, तेव्हा मी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासण्या केल्या आणि काही महिने रात्रीचं काम थांबवायला सांगितलं. तिच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर इंग्लंडची प्रोसेस आहे. लंडनचे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचा दीड, हिवाळ्यात अडीच. हिवाळ्यातही पाळी रात्री साडेअकराला सुटते आणि मध्यरात्रीनंतर घरी झोपता येतं. तिने चिठ्ठी जोडून अर्ज केला. उत्तर आलं की सध्या जागा नाही, आणि प्रकृती झेपत नसेल तर राजीनाम्याचा पर्याय खुला आहे.

“मावशी, हप्ते आहेत गं,” एवढंच म्हणून ती रात्री कॅबमध्ये बसली.

2007 साली पुण्यात कंपनीच्या कॅबने रात्रपाळीला निघालेल्या एका तरुणीवर चालक आणि त्याच्या साथीदाराने अत्याचार करून तिचा खून केला. पुण्यातल्या आयाबाया ते विसरलेल्या नाहीत. आपल्या राज्याच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला कामावर ठेवायचं तर तिची संमती, सुरक्षितता आणि घराच्या दारापर्यंत वाहन, या अटी आहेत. त्या मोलाच्या आहेत. भाचीच्या कॅबमध्ये रक्षक असतो, तेव्हा मी घरी निर्धास्त असते. पण तो कायदा तिला दारापर्यंत सुखरूप आणतो आणि तिथेच थांबतो. दाराच्या आत आलेल्या शरीराचं काय झालं, हे कुणी विचारत नाही. शिवाय रात्र पुरुषांच्या शरीरालाही तशीच जाते, तिच्या शेजारच्या खुर्चीतल्या मुलांनाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2007 मध्ये, शरीराचं घड्याळ बिघडवणारी पाळी ही बहुधा कर्करोगकारक असल्याचं म्हटलं आणि 2019 मध्ये रात्रपाळीबद्दल तोच निष्कर्ष कायम ठेवला. म्हणजे रात्रपाळी करणाऱ्या प्रत्येकाला कर्करोग होतो, असं नव्हे. कुणाला किती धोका, हे त्यातून कळत नाही. पण तपासणीची व्यवस्था करायला एवढं कारण पुरेसं आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने तर 1990 सालीच रात्रपाळीचा करार, क्रमांक 171, मंजूर केला. रात्रीच्या कामावर घेण्याआधी, नंतर ठरावीक काळाने आणि त्रास सुरू झाल्यास विनामूल्य आरोग्य तपासणी, तसंच प्रकृतीमुळे रात्र जमत नसेल तर शक्य तिथे दुसऱ्या वेळेचं तत्सम काम, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. भारताने तो स्वीकारलेला नाही. पण राज्याला स्वतःचे नियम करताना त्यातली दोन वाक्यं उचलायला कुणाची हरकत असायचं कारण नाही.

माझी मागणी तेवढीच आहे. रात्रपाळी चालवणाऱ्या प्रत्येक आस्थापनेने कामावर घेताना आणि त्यानंतर दरवर्षी आपल्या खर्चाने तपासणी करावी. तिचा अहवाल कामगाराच्या हाती द्यावा, वरिष्ठांच्या नाही. डॉक्टरांनी लेखी सांगितल्यावर दिवसाची किंवा दुपारची प्रोसेस त्याच कंपनीत असेल, तर ठरावीक मुदतीत तिथे बदली द्यावी, आणि जागा नसल्यास तसं लेखी कारण आपल्या कामगार अधिकाऱ्याकडे पाठवावं. येत्या नोव्हेंबरात घड्याळं पुन्हा मागे जातील. त्याच्या आत या नियमाचा मसुदा तरी हरकतींसाठी प्रसिद्ध करा. पहिली सूचना मी स्वतः आणून देईन.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
हडपसर, पुणे