दूध कमी नाही, पकड चुकते

अंगठा मुडपून धार काढली की गाईच्या सडाला इजा होते, अन् सडात दूध ठेवत गेलं की गाय आटते. बाळंतिणीचेही तसेच. बाळ नुसते बोंड चोखते, म्हणून चिरा पडतात. दुखते म्हणून ती कमी पाजते. मग घरचे डबा आणतात. भरल्या पोटी बाळ आणखी कमी ओढते, अन् दूध खरेच आटते.

डब्याआधी पकड सुधारा. बाळाचे पोट आईच्या पोटाला लागावे, मान वळलेली नको. तोंड मोठे उघडले की जवळ घ्यावे. काळा भागही तोंडात जावा, हनुवटी स्तनाला टेकावी. दुखतच राहिले तर तोंडाच्या कोपऱ्यात करंगळी घालून सोडवावे, पुन्हा लावावे.

पाचव्या दिवसानंतर दिवसरात्रीत ६ वेळा लघवी होते, वजन वाढते, तर दूध पुरते. तसे नसेल, किंवा आईला ताप असेल, तर आरोग्य केंद्र गाठा.

आपल्या बुलडाणा जिल्ह्यातही आशाताई तिसऱ्या व सातव्या दिवशी घरी येतात. सरपंच, ग्रामसेवकांनो, त्यांनी पाजणे डोळ्यांनी पाहिले का, एवढे मासिक सभेत विचाराच.